शनिवारचा तक्ता आपोआप भरताना

लहान सेवाभावी संस्थेचा डॅशबोर्ड म्हणजे बहुतेक वेळा एक एक्सेल फाइल आणि ती सांभाळणारी एक व्यक्ती. आठवडाभर गावोगावचे कार्यकर्ते हजेरीपत्रकाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. शनिवारी समन्वयक ते एकेक उघडून आकडे टाइप करते, आलेख नव्याने काढते आणि त्यांचा स्क्रीनशॉट विश्वस्तांच्या ग्रुपवर टाकते. हे सगळे आपोआप व्हावे असे संस्थेला वाटू लागले की चर्चा आलेखांपासूनच सुरू होते: कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे, ते फुकट मिळते का, नकाशा दाखवता येईल का. खरे तर आलेख हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते समन्वयक आकडे भरता भरता कोणाला न सांगता जे करत असते ते.

उदाहरणासाठी सायंकाळच्या अभ्यासिका चालवणारी एक संस्था घेता येईल. तिची केंद्रे 11, वर्ग आठवड्यातून 6 दिवस, आणि प्रत्येक केंद्रावर गावातलीच एक ताई तिसरी ते पाचवीच्या मुलांना शिकवते. म्हणजे आठवड्याला 66 वर्ग भरायला हवेत. डॅशबोर्डवर तीनच गोष्टी दिसतात: वर्ग किती भरले, दर वर्गाला सरासरी किती मुले हजर होती आणि कोणते केंद्र बंद राहिले. एवढ्यासाठी शनिवारचे चार-पाच तास जातात. त्याहून मोठी अडचण अशी की सोमवारी बंद पडलेले केंद्र पर्यवेक्षकाला कळते ते पुढच्या आठवड्यात.

योजनेचा पहिला आठवडा कोणतेही साधन न निवडता काढावा. समन्वयकाच्या शेजारी बसून ती काय काय करते ते लिहून काढायचे, एवढेच काम. वरवर पाहता ती फोटोतला आकडा बघते आणि रकान्यात भरते. पण एका केंद्राचा फोटो आलेला नसतो, तेव्हा ती ताईंना फोन करते आणि पोळ्याची सुट्टी होती असे कळल्यावर रकाना कोरा ठेवते. दुसऱ्या केंद्रावर पट 24चा असताना 31 मुले हजर दिसतात, तेव्हा धाकटी भावंडे सोबत आली असणार हे तिला ठाऊक असते, म्हणून ती पटावरची मुले तेवढी मोजते. तिसरीकडे सहाही दिवस 20च मुले लिहिलेली दिसली की तिची भुवई वर जाते. यातले नक्कल करण्याचे काम यंत्राला देता येते. तपासण्याचे काम मात्र कुठे ना कुठे, कोणाच्या ना कोणाच्या हाती ठेवावेच लागते. ते कुठे ठेवायचे हे ठरवले नाही तर नक्कल आपोआप होते आणि तपासणी आपोआप बंद पडते.

त्यानंतर फॉर्म. रोज वर्ग सुटल्यावर ताईंनी फोनवर एक छोटा फॉर्म भरायचा. त्यात केंद्राचे नाव यादीतून निवडायचे, हाताने लिहायचे नाही. लिहायला दिले की एकाच गावाची वडगाव, वडगांव आणि Wadgaon अशी तीन केंद्रे डॅशबोर्डवर उगवतात आणि प्रत्येकाची हजेरी तुटपुंजी दिसते. पुढचे प्रश्न चारच: तारीख, वर्ग भरला का, भरला असल्यास पटावरची किती मुले हजर होती, आणि भरला नसल्यास कारण काय. मुलांची नावे फॉर्ममध्ये नकोत. ती कागदी हजेरीपत्रकात आहेतच आणि डॅशबोर्डला फक्त संख्या लागते. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. जी माहिती गोळाच केली नाही ती सांभाळण्याची जबाबदारी येत नाही, एवढा साधा हिशेब इथे पुरतो.

साधन कोणते हे गावातल्या रेंजवर ठरते. गूगल फॉर्म सगळ्यांच्या परिचयाचा असतो आणि त्याची उत्तरे थेट गूगल शीटमध्ये जमा होतात, पण तो भरताना इंटरनेट लागते. रेंज येत-जात असेल तर कोबोटूलबॉक्स बरे. त्याचे अँड्रॉइडवरचे अ‍ॅप भरलेला फॉर्म फोनमध्ये जपून ठेवते आणि नेटवर्क मिळाले की पाठवते. घाटातल्या किंवा डोंगरपायथ्याच्या दोन केंद्रांसाठी सगळ्यांना कोबोवर न्यायचे की त्या दोन ताईंनी घरी पोहोचल्यावर फॉर्म भरायचा, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण दोन्ही साधने एकाच वेळी वापरून नंतर माहिती जोडण्याच्या भानगडीत लहान संस्थेने पडू नये. तो सांधा दर महिन्याला निखळतो.

फॉर्ममधला ‘वर्ग भरला का’ हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. समजा एका आठवड्यात 66 पैकी 58 वर्ग भरले, 5 वर्ग भरले नाहीत असे ताईंनी कळवले आणि 3 वर्गांची नोंदच आली नाही. भरलेल्या वर्गांतली हजेरी मिळून 1102 झाली. 1102 ला 58ने भागले तर दर वर्गाला 19 मुले येतात. पण सूत्र लिहिणाऱ्याने कोऱ्या जागी शून्य धरले आणि 66ने भागले, तर उत्तर येते 16.7. एकही मूल गळालेले नसताना डॅशबोर्ड हजेरी घटल्याचे सांगू लागतो आणि विश्वस्तांच्या बैठकीत त्यावर अर्धा तास जातो. म्हणून वर्ग भरला नाही आणि नोंद आली नाही या दोन वेगळ्या अवस्था म्हणून ठेवाव्या लागतात. त्यातली दुसरी अवस्था कोणत्याही फॉर्ममधून कळत नाही, कारण न आलेली नोंद स्वतःहून काही सांगत नाही. त्यासाठी केंद्रांची आणि वर्गाच्या दिवसांची एक वेगळी यादी लागते. यादीतले 66 एका बाजूला आणि आलेल्या 63 नोंदी दुसऱ्या बाजूला ठेवल्या की उरलेल्या तीन दिसतात.

शीटची रचना तीन पानांत करावी. पहिल्या पानावर फॉर्ममधून येणारी कच्ची नोंद असते, गूगल शीटमध्ये त्याचे नाव आपोआप Form Responses 1 असे पडते. या पानाला कोणी हात लावायचा नाही. चुकीचा आकडा दिसला तरी तिथे दुरुस्त करायचा नाही आणि शेजारच्या रकान्यात सूत्रही लिहायचे नाही. नवी नोंद येते तेव्हा फॉर्म नवी ओळ घालतो आणि सूत्र त्या ओळीत उतरत नाही, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला येतो. दुसऱ्या पानावर केंद्रांची यादी आणि पट. तिसऱ्या पानावर स्वच्छ केलेली माहिती, आणि आलेख फक्त याच पानावरून काढायचे.

स्वच्छ करणे म्हणजे मुख्यतः दुबार नोंदी काढणे. रेंज कमी असली की ताई पाठवण्याचे बटण दाबतात, काही झाले नाही असे वाटून पुन्हा फॉर्म भरतात आणि एका वर्गाच्या दोन ओळी होतात. कधी आकडा चुकला म्हणून त्या मुद्दाम दुसऱ्यांदाही भरतात. दोन्हींवर उपाय एकच: एका केंद्राची एका तारखेची शेवटची नोंद खरी मानायची. कच्च्या पानावर पहिला रकाना नोंदीच्या वेळेचा, दुसरा केंद्राचा, तिसरा तारखेचा आणि पुढचे तीन बाकीच्या उत्तरांचे असतील, तर तिसऱ्या पानावर हे एक सूत्र पुरते:

```
=SORTN(SORT('Form Responses 1'!A2:F,1,FALSE),9999,2,2,TRUE,3,TRUE)
```

आतले SORT नव्यात नवी नोंद वर आणते. बाहेरचे SORTN केंद्र आणि तारीख सारखी असलेल्या ओळींतली पहिली तेवढी ठेवते. 9999 ही ओळींची कमाल मर्यादा आहे. 11 केंद्रांच्या वर्षभराच्या नोंदी साधारण तीन-साडेतीन हजारांवर जात नाहीत, त्यामुळे ती भरपूर आहे. या नियमाचा आणखी एक फायदा होतो. चूक दुरुस्त करण्यासाठी ताईंना ऑफिसला फोन करावा लागत नाही, फॉर्म पुन्हा भरला की झाले.

आता समन्वयकाच्या तपासणीची सोय. हजर मुले पटापेक्षा जास्त असतील तर ओळीवर खूण, सहा दिवस एकच आकडा असेल तर खूण, नोंद आली नसेल तर खूण. या तीन खुणा पुरतात. रात्री आठच्या सुमारास आजच्या खुणांची यादी समन्वयकाच्या ईमेलवर जाईल अशी व्यवस्था गूगल शीटच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये करता येते. तिथे आठ म्हटले की आठ ते नऊच्या दरम्यान कधीतरी ती चालते, ठोक्याला नाही. मेल वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-तीन फोन करणे हे माणसाचेच काम राहते. शनिवारचे चार-पाच तास वाचतात ते खरे, पण रोजची दहा-पंधरा मिनिटे वाढतात. ही वाढ आधीच सांगितली नाही, तर महिन्याभरात मेल न उघडता पडून राहू लागतात.

जुनी माहिती नव्या शीटमध्ये आणताना एक खोड हमखास निघते. गूगल शीटच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका राहिला असेल, तर शीट तारखेत आधी महिना आणि मग दिवस वाचते. एक्सेलमधून आणलेली 03/04/2025 ही 3 एप्रिलची नोंद मग 4 मार्चला जाऊन बसते. 13/04/2025 मध्ये तेरावा महिना नसतो, म्हणून शीट त्याला तारीख मानतच नाही आणि नुसता मजकूर म्हणून ठेवते. परिणामी महिन्याचे पहिले बारा दिवस भलत्या महिन्यांत विखुरतात आणि उरलेले दिवस बेरजेतून गळतात, तरी कुठेही चूक म्हणून लाल अक्षरे येत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. शीट खरी तारीख रकान्याच्या उजव्या कडेला ठेवते आणि मजकूर डाव्या. एकाच रकान्यात काही नोंदी उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजावे. माहिती आणण्याआधी सेटिंगमध्ये भारत आणि भारतीय वेळ निवडली की हा घोळ टळतो. आधीच आणली असेल तर ती काढून पुन्हा आणणेच बरे. एकेक तारीख हाताने सुधारायला बसू नये, कारण 4 मार्च दिसणारी कोणती नोंद खरोखर मार्चची हे तोपर्यंत सांगता येत नसते.

हे तयार झाले की दोन केंद्रांवर एक आठवडा चालवून पाहावे आणि मग सगळ्या केंद्रांवर चार आठवडे जुनी आणि नवी पद्धत एकाच वेळी ठेवावी. या महिन्यात समन्वयकाचे काम दुप्पट होते, म्हणून मार्चअखेरीची किंवा देणगीदारांच्या अहवालाची वेळ टाळून तो निवडावा. दर आठवड्याला दोन्ही आकडे शेजारी मांडायचे आणि फरकाचे कारण सापडेपर्यंत सोडायचे नाही.

वरच्या उदाहरणातला आठवडा घेतला तर नव्या पद्धतीने हजेरी 1102 आली आणि समन्वयकाच्या एक्सेलमध्ये ती 1061 होती. फरक 41चा. केंद्रवार पाहिल्यावर तो दोनच ठिकाणी सापडला. एका केंद्रावरच्या ताईंनी वर्गात बसलेली सगळी मुले मोजली होती. त्यांत पटावर नसलेली धाकटी भावंडे आठवडाभरात मिळून 29 निघाली. समन्वयकाने ती नेहमीप्रमाणे वगळली होती. म्हणजे इथे नवा आकडा चूक होता, आणि पटावरची मुले म्हणजे कोणती हे फॉर्ममधल्या प्रश्नाखाली एका ओळीत लिहिण्याची गरज होती. उरलेला फरक 12चा. दुसऱ्या केंद्राच्या फोटोत ओळ पुसट होती, तिथे समन्वयकाने वरच्या ओळीतले 9 वाचले होते आणि हजेरीपत्रकात होते 21. इथे जुना आकडा चूक होता. दोन्ही दुरुस्त्यांनंतर हजेरी 1073 आणि सरासरी 18.5 ठरली, जी दोन्ही पद्धतींच्या उत्तरांहून वेगळी होती. जुना आकडा म्हणजे प्रमाण आणि नव्याने त्याच्याशी जुळायचे, असे धरून चाललेल्या संस्था यातली दुसरी चूक कायमची पोटात घेऊन पुढे जातात. कागदी हजेरीपत्रक हेच प्रमाण मानावे. त्याच कारणासाठी फॉर्म आला म्हणून ते बंद करू नये. ओळीने दोन आठवडे प्रत्येक फरकाचे कारण सापडले की जुनी फाइल कुलूपबंद करून ठेवता येते.

आलेखांसाठी गूगलचे डेटा स्टुडिओ, 2022मध्ये ज्याचे नाव लुकर स्टुडिओ झाले, ते लहान संस्थांना पुरेसे आहे. शीटला जोडले की मूळ सेटिंगप्रमाणे ते साधारण 15 मिनिटांच्या आत नवी माहिती घेते. इतकी ताजी माहिती कोणाला हवी असते हा प्रश्न मात्र विचारलेला बरा. या संस्थेत पर्यवेक्षकाला बंद केंद्र दुसऱ्या दिवशी कळायला हवे आणि विश्वस्तांना आठवड्याचा आढावा पुरतो. तासातासाला हलणारा आलेख दिसायला छान दिसतो, पण त्यावरून कोणी काही ठरवत नाही.

उलट सतत हलणाऱ्या आकड्याचा त्रासच होतो. उशिरा आलेल्या नोंदींमुळे शनिवारी 18.5 असलेली सरासरी सोमवारी 18.7 होते, आणि शनिवारचा स्क्रीनशॉट जवळ असलेले विश्वस्त विचारतात की खरे कोणते. म्हणून आठवडा बंद करण्याची एक वेळ ठरवावी, उदाहरणार्थ पुढच्या मंगळवारची दुपार. त्या वेळी आठवड्याचे आकडे एका वेगळ्या पानावर मूल्य म्हणून उतरवून ठेवायचे, सूत्र म्हणून नाही. विश्वस्तांना, देणगीदारांना आणि वार्षिक अहवालाला हेच गोठवलेले आकडे जातात. त्यानंतर आलेली नोंद कच्च्या पानावर राहते, पण जाहीर झालेला आकडा बदलत नाही. विश्वस्त डॅशबोर्डची लिंक फारशी उघडत नाहीत, हेही गृहीत धरावे. त्यांना ग्रुपवर चित्रच हवे असते. मंगळवारी दुपारी एक स्क्रीनशॉट टाकणे समन्वयकाला मिनिटाचे काम आहे, ते आपोआप करण्याचा अट्टाहास नको.

हाताने भरलेला तक्ता बंद पडला की लगेच दिसतो, कारण शनिवारी स्क्रीनशॉटच येत नाही. आपोआप चालणारा डॅशबोर्ड बंद पडला तरी पूर्वीसारखाच ऐटीत उभा असतो, फक्त आकडे गेल्या आठवड्याचे असतात. म्हणून डॅशबोर्डच्या माथ्यावर शेवटची नोंद कधी आली ते लिहिलेले असावे:

```
=MAX('Form Responses 1'!A2:A)
```

पण एवढ्यावर विसंबू नये. एका केंद्राची नोंद आज आली असेल, तर बाकी दहा केंद्रे आठवडाभर गप्प असली तरी इथे आजचीच वेळ दिसते. तिच्या शेजारी ‘66 पैकी 63 नोंदी आल्या’ असे आलेच पाहिजे.

बंद पडण्याची कारणे ठरलेली आहेत. फॉर्ममधला प्रश्न सुधारण्याऐवजी कोणीतरी तो काढून टाकतो आणि नवा घालतो. मग उत्तरे नव्या रकान्यात जमा होऊ लागतात आणि सूत्र जुन्या, रिकाम्या रकान्याकडेच बघत राहते. केंद्राच्या यादीत नावाचे स्पेलिंग सुधारले जाते आणि पटाच्या यादीतले तसेच राहते. सगळ्यात मोठे कारण म्हणजे माणूस संस्था सोडून जातो. अ‍ॅप्स स्क्रिप्टमधली वेळेवर चालणारी व्यवस्था ज्याने लावली त्याच्याच खात्यावरून चालते. ते खाते कोणा कार्यकर्त्याचे वैयक्तिक जीमेल असेल आणि त्याचा शीटवरचा हक्क गेला, तर रात्रीचा मेल येणे थांबते, आणि बिघाडाची सूचना गेलीच तर ती त्या सोडून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये जाते. म्हणून फॉर्म, शीट आणि स्क्रिप्ट पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावाच्या एका खात्यावर असावेत आणि त्याचा पासवर्ड किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. रात्रीचा मेल एकही खूण नसली तरी जावा, ‘आज सर्व नोंदी आल्या’ एवढाच मजकूर घेऊन. मेल आला नाही याचा अर्थ मग एकच उरतो.

लिंकचे हक्कही याच वेळी ठरवून घ्यावेत. डॅशबोर्ड पाहणाऱ्याला शीट उघडता येण्याची गरज नसते. लुकर स्टुडिओ मालकाच्या हक्काने माहिती वाचून बाकीच्यांना फक्त आलेख दाखवू शकते. देणगीदारासाठी वेगळी शीट करून IMPORTRANGE ने त्यात आकडे ओढायचे असतील तर जपून. एकदा परवानगी दिली की त्या नव्या शीटमध्ये बदल करू शकणारा कोणीही मूळ शीटच्या इतर पानांवरचीही माहिती ओढू शकतो. त्यासाठी गोठवलेल्या आकड्यांचे पान वेगळ्या फाइलमध्ये ठेवणे जास्त सुरक्षित.

शेवटचे काम वर्षातून एकदा येते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पट बदलतो, पाचवीची मुले बाहेर पडतात, एखादे केंद्र बंद होते आणि एखादे नवे निघते. पटाच्या यादीत जुना आकडा पुसून नवा लिहिला, तर मागच्या वर्षीची हजेरीही नव्या पटाशी ताडली जाते आणि जुन्या महिन्यांवर नसत्या खुणा उमटतात. म्हणून यादीत प्रत्येक केंद्रासमोर पट आणि तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होता हे दोन रकाने सुरुवातीपासून ठेवावेत. बंद झालेल्या केंद्राची ओळ काढायची नाही, तिला शेवटची तारीख द्यायची. फॉर्मच्या यादीतून मात्र ते नाव काढायचे, नाहीतर सवयीने कोणीतरी त्यावर बोट ठेवते. मागच्या वर्षाच्या शीटची एक प्रत काढून ती फक्त वाचता येईल अशी ठेवली आणि आठवड्याच्या 66 या अपेक्षित वर्गांचा आकडा नव्या केंद्रसंख्येप्रमाणे बदलला, की नवे वर्ष सुरू करता येते.